बंडलं 41, मागणी 114

आडसाली लागणीच्या तोंडावर, जुलैत, आमच्या सांगलीच्या ठिबकच्या दुकानात कंपनीचा फोन आला. लॅटरल म्हणजे सरीत अंथरायची ठिबकची नळी काढणाऱ्या कारखान्यात कामगारांचा संप, गाड्या बंद. आमच्याकडे 11 शेतकऱ्यांची 19 एकरांची मागणी होती. पाच फुटी सरीला एकरी 2700 मीटर नळी लागते, म्हणजे 500 मीटरची साधारण 6 बंडलं. हवी होती 114, गोदामात होती 41.

अशा वेळी प्रत्येकाला थोडी थोडी वाटून द्यावीशी वाटतात. ते चुकीचं आहे. एका व्हॉल्व्हखालच्या निम्म्याच सऱ्यांत नळी पडली तर नळी जोडायच्या उरलेल्या टेकऑफना टोप्या घालाव्या लागतात आणि तो एकर धड भिजत नाही. म्हणून वाटणी बंडलावर नको, व्हॉल्व्हवर हवी. 36 बंडलांत 6 एकर पुरे झाले. ते जतकडच्या तिघांना दिले, कारण त्यांच्या विहिरीला पाटपाण्याइतकं पाणीच नसतं.

वाळवा, पलूसकडच्यांना नदीचं पाणी आहे, पाऊसही होता. लॅटरल लागणीनंतर अंथरली तरी चालते, पण पीव्हीसी पाइपाची चर आधीच काढावी लागते. उगवणीनंतर खोदलं तर कोंब तुटतात. त्यांना पीव्हीसी, फिल्टर, व्हॉल्व्ह लगेच पाठवले आणि बिल तेवढ्याच मालाचं केलं.

निरोप देताना आधी फोन केला, मग तेच लिहून मेसेज पाठवला. पलूसच्या एका तात्यांची 4 एकरांची मागणी होती.

"संप मिटणार कधी?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही, तात्या. मिटल्यावरही मशिनं सुरू होऊन मागच्या ऑर्डरी निघायला आठ-दहा दिवस धरा. दर सोमवारी मी स्वतः फोन करीन, काही कळलं नसेल तरी."

अंदाजाने तारीख देणं मला सगळ्यात वाईट वाटतं. शेतकरी त्या तारखेवर मजूर ठरवतो आणि ती मजुरी बुडते.

"दुसऱ्या कंपनीची नळी द्या की."

ती मिळत होती, तीही 16 एमएम, ड्रिपरचं अंतरही 40 सेंटीमीटरच. पण ड्रिपर ताशी 2.4 लिटरचा, आमचा 4 चा. चार व्हॉल्व्ह, प्रत्येकी 2 तास, असं तात्यांचं 8 तास विजेत बसायचं. नव्या नळीला तेवढंच पाणी द्यायला व्हॉल्व्हला 3 तास 20 मिनिटं लागली असती, म्हणजे दिवसात दोनच व्हॉल्व्ह उरकले असते. एकाच व्हॉल्व्हखाली दोन्ही नळ्या मिसळल्या तर काही सऱ्या ओल्या, काही कोरड्या. शिवाय नळीची जाडी वेगळी असेल तर आमचा जॉइनर ढिला बसून दाबाने निसटतो, त्यामुळे जॉइनरही त्याच कंपनीचे घ्यावे लागतात. अनुदानाच्या कागदात आमच्या कंपनीचं कोटेशन असेल, तर नळी बदलण्याआधी कृषी सहायकांना विचारा, हेही सांगितलं.

तात्यांनी पीव्हीसी घेतली, चर काढली, लॅटरलचे आगाऊ पैसे मात्र परत मागितले. दुसऱ्या दिवशी ते दिले आणि ऑर्डर यादीत होती त्याच नंबरावर ठेवली.