मॅडमना पाठवलेला मेल

२८ सप्टेंबर, रात्री

आज पहिल्यांदा जिना न थांबता चढले, म्हणून लिहायला बसले. परवा मॅडमना, म्हणजे माझ्या गाईडना, मेल केला, द्राक्षबागेतल्या मजुरांवरच्या डेझर्टेशनची मुदत वाढवून मागितली. एक पानाचा मेल, पण लिहायला दोन दिवस लागले.

१२ तारखेला ताप आला. तिसऱ्या दिवशी एनएस-वन पॉझिटिव्ह, म्हणजे डेंग्यू. १६ ला ताप उतरला आणि घरी सगळ्यांना वाटलं सुटलो, पण डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त लक्ष ठेवावं लागतं हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, अ‍ॅडमिट केलं. १७ ला प्लेटलेट ३४ हजार होत्या. २० ला घरी आले तेव्हा लाखाच्या वर गेल्या होत्या, म्हणजे कागदावर मी बरी झाले होते, पण अंगात काहीच नव्हतं. अर्धा तास लॅपटॉप घेऊन बसलं की डोकं जड व्हायचं आणि दोन ओळी लिहून झोप लागायची.

खरी अडचण इथेच आली, कारण सर्टिफिकेटवर ३० तारखेपर्यंत विश्रांती लिहिलीय आणि माझी ड्राफ्टची मुदत १५ ऑक्टोबर. बघणाऱ्याला वाटणार मध्ये पंधरा दिवस आहेत की, मग वाढ कशाला?

पहिला मेल मी नुसता आजारावर लिहिला होता. सलाईन, रिपोर्ट, आई रात्रभर बसून होती, सगळं. ताईला वाचायला दिला तर ती म्हणाली, "अगं, तू आजारी होतीस हे कळलं, पण तुला पाहिजे काय ते कुठंय?" खरंच नव्हतं. शेवटी फक्त "कृपया सहकार्य करावे" होतं. मॅडमनी त्यावर काय ठरवायचं?

मग परत लिहिला. आजार तीन ओळीत, रिपोर्ट आणि सर्टिफिकेट सोबत जोडलं, आणि मुख्य भाग असा ठेवला:

"मॅडम, ६० पैकी ४२ कुटुंबांचा सर्व्हे झाला आहे, १८ राहिली आहेत. ही १७ सप्टेंबरपर्यंत होणार होती. १२ ते ३० असे १९ दिवस गेले. १ ते ६ ऑक्टोबर रोज तीन कुटुंबं करेन, १० पर्यंत डेटा एंट्री, ३० पर्यंत विश्लेषणाचे दोन चॅप्टर आणि नंतर दुरुस्त्या. म्हणून ४ नोव्हेंबरपर्यंत मुदत मिळावी. पहिले दोन चॅप्टर १५ ऑक्टोबरलाच देईन."

शेवटची ओळ घालताना भीती वाटत होती, जमेल का म्हणून. पण ते चॅप्टर जवळपास झालेत, आणि मॅडमच्या हातात काहीतरी वेळेवर पडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आज दुपारी मॅडमचा फोन आला. आधी तब्येत विचारली. मग म्हणाल्या, ड्राफ्टची तारीख मी वाढवू शकते, ४ नोव्हेंबर चालेल, पण विद्यापीठाची फायनल सबमिशनची तारीख माझ्या हातात नाही, त्यामुळे याच्या पुढे सरकू नकोस. आणि मग त्यांनी असं काही विचारलं जे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं: "अगं, तुझे ४२ जण छाटणी चालू असताना बोललेत. उरलेले १८ छाटणी संपल्यावर बोलले तर मजुरीचे आकडे एकत्र कसे ठेवशील?"

माझा विषय द्राक्षबागेतल्या छाटणीच्या मजुरांचा आहे, पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीत येणाऱ्या टोळ्या. प्रश्नावलीत "मागच्या सात दिवसांत किती रोज मिळाला" असं आहे. छाटणी संपली की टोळी दुसऱ्या कामाला लागते, कामाचा दर वेगळा, दिवस वेगळे. मग त्या १८ घरांचा आकडा बाकीच्यांशी जुळणारच नाही आणि ते माझ्या नंतर लक्षात येणारही नाही, कारण टेबलमध्ये सगळे आकडे सारखेच दिसतात.

मॅडम म्हणाल्या, शक्यतो छाटणीवर असलेल्याच टोळ्या पकड, मुलाखतीची तारीख प्रत्येक फॉर्मवर टाक, आणि खंड का पडला ते मेथडॉलॉजीत स्पष्ट लिही. एकटी उन्हात फिरू नकोस, मैत्रिणीला सोबत ने, पण प्रश्न तूच विचार, नाहीतर विचारण्याची पद्धत बदलते. हे बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ होता की फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

संध्याकाळी पिंपळगावच्या मुकादमांना फोन लावला. म्हणाले, त्यांच्या दोन टोळ्या ९ तारखेपर्यंत छाटणीवरच आहेत, सकाळी सातच्या आत या, नंतर कोणी बोलायला थांबत नाही. एक तारखेची पहिली बस बघून ठेवलीय. पाण्याच्या दोन बाटल्या, ओआरएसची पाकिटं, १८ कोरे फॉर्म. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात तारखेची चौकट आताच आखली.