फुटली की फोडलीस?

पावसाळ्यात कोकणातल्या पेपरच्या जिल्हा पानावर साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेल्याची बातमी दरवर्षी असतेच, फक्त गावाचं नाव बदलतं. खालची मी जुळवून लिहिलीय, पण कुठलाही जुलैचा अंक उघडा, हिची बहीण त्यात सापडेल.

"मुसळधार पावसामुळे वहाळावरील साकव वाहून गेला. पलीकडच्या वाडीचा संपर्क तुटला आहे. दोन वर्षांपूर्वी या साकवाची डागडुजी करण्यात आली होती. नवीन साकवाचा प्रस्ताव पाठवण्यात आला असून निधीअभावी काम रखडले आहे. ग्रामस्थांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा, असे आवाहन करण्यात आले आहे."

आता यात कोण काय करतंय ते बघा. साकव आपला आपण गेला, संपर्क आपला आपण तुटला, डागडुजी कोणीतरी केली, प्रस्ताव कोणीतरी कुठेतरी पाठवला, काम स्वतःहून रखडलं. अख्ख्या बातमीत काहीतरी करणारी माणसं एकच, ग्रामस्थ, आणि त्यांनी करायचं काय तर लांबच्या रस्त्याने जायचं.

असं काही दाखवलं की लगेच कोणीतरी म्हणतं, हा सगळा कर्मणी प्रयोगाचा दोष. मला वाटतं यात बिचाऱ्या कर्मणीवर अन्याय होतो. शाळेत शिकवलेला आपला कर्मणी म्हणजे "ठेकेदाराने भिंत बांधली". क्रियापद भिंतीच्या मागे जातं, बांधली, पण ठेकेदार कुठे पळालाय? "ने" लावून वाक्याच्या तोंडाशीच उभा आहे. इंग्रजीत पॅसिव्ह म्हणजे कर्ता मागे जाणार किंवा गायबच होणार, त्यामुळे तिकडचे लोक पॅसिव्हच्या नावाने बोटं मोडतात ते एकवेळ ठीक, पण ती ओरड तशीच उचलून मराठीला लावली की भलताच माणूस पकडला जातो.

आपल्याकडे ते काम करते "-ण्यात आले" ही सरकारी जोडणी. डागडुजी करण्यात आली, आवाहन करण्यात आले, चौकशीचे आदेश देण्यात आले. इथे कर्ता नसला तरी वाक्य पूर्ण होतं, व्याकरण काही मागत नाही. पण गंमत अशी की कर्ता दिसत नसला तरी तो असल्याचं कळत राहतं. एक उदाहरण घेऊ. "विम्याचे पैसे मिळावेत म्हणून ट्रॉलर बुडवण्यात आला." वाक्य चालतं ना? कोणी बुडवला ते सांगितलेलं नाही, तरी पैशाचा हिशेब करणारा कोणीतरी त्यात बसलाय हे कळतं. आता म्हणा, "विम्याचे पैसे मिळावेत म्हणून ट्रॉलर बुडला." हसू येतं, कारण आता जो काही विचार केला तो ट्रॉलरनेच केला! भाषेचा अभ्यास करणारे लोक जवळपास हीच चाचणी लावतात, वाक्यात हेतू घालून बघायचा. "बुडवण्यात आला"मध्ये कर्त्याची खुर्ची रिकामी आहे, "बुडला"मध्ये खुर्चीच नाही.

म्हणून मी तरी "-ण्यात आले"पेक्षा या दुसऱ्या जातीच्या वाक्यांना जास्त घाबरतो, आणि ती तर पॅसिव्ह नाहीतच. वाहून गेला, तुटला, रखडले. व्याकरणाच्या तासाला विचारलं तर साधी अकर्मक क्रियापदं, एकदम सज्जन. आणि मराठीत ती तयार करणं फार स्वस्त आहे, जोड्याच आहेत आपल्याकडे. पडलं आणि पाडलं, तुटलं आणि तोडलं, फुटलं आणि फोडलं, जळलं आणि जाळलं, मेला आणि मारला. एखाद-दुसरं अक्षर इकडचं तिकडे झालं की माणूस वाक्याबाहेर. "रखडले" आणि "रखडवले" यात तर फक्त एका "व"चा फरक आहे आणि पेपरात मी तो "व" फार क्वचित बघितलाय.

घरात मात्र हे कोणी खपवून घेत नाही. माझ्या आजीकडे चिनीमातीच्या बरण्या होत्या, आंब्याच्या लोणच्याच्या, माजघरात ओळीने. मुलांपैकी कोणी हळूच येऊन "आजी, बरणी फुटली" म्हटलं की ती चुलीपुढून न उठता विचारायची, "फुटली की फोडलीस?" बास. आजी शाळेत किती गेली माहीत नाही, पण एवढ्या तीन शब्दांत तिने खुर्ची परत आणून ठेवलेली असायची आणि आता त्यावर कोण बसणार एवढाच प्रश्न उरायचा. मग पोरगं म्हणायचं, "माझ्याकडून फुटली."

हे "कडून" पण मोठं हुशार आहे. "मी फोडली" म्हटलं की फोडायचा इरादा धरला जातो, "माझ्याकडून फुटली" म्हटलं की हात माझा होता पण मनात तसं नव्हतं. घरी हे अगदी योग्य आहे, मुलाचं खरंच मनात नसतं. पण हेच "कडून" पेपरात जातं तेव्हा "प्रशासनाकडून दुर्लक्ष झाले" असं होतं, म्हणजे प्रशासनाच्या हातून बिचाऱ्याच्या दुर्लक्ष सांडलं. पत्रं घेतली, ती वाचली, फाइलला लावली, आणि तरी काही केलं नाही, अशी चार कामं जाणूनबुजून झालेली असली तरी त्यांचं एक "झाले" होतं. उलट लाठीमार, अतिक्रमण हटाव वगैरे बातम्यांत "पोलिसांकडून लाठीमार करण्यात आला" लिहितात तिथे "कडून" सरळ कर्ताच दाखवतो, तेव्हा सरसकट त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, पुढे "झाले" आहे का "करण्यात आले" आहे ते बघावं लागतं.

बरं, खुर्ची काढून घेतली की तिथे मोकळी जागा उरते आणि ती कोणीतरी भरतंच. ती भरतं "मुळे". पावसामुळे, वाऱ्यामुळे, तांत्रिक कारणामुळे, निधीअभावी. कोकणात तर पावसासारखा सोयीचा आरोपी नाही, चार महिने हजर, वकील देत नाही आणि जबाबही देत नाही.

याचं टोक बघायचं असेल तर तिवरे. चिपळूण तालुक्यातलं हे मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. आता "धरण फुटलं" हे वाक्य खोटं नाही हां, त्या रात्री कोणी येऊन ते फोडलं नव्हतं, दुसरं क्रियापद वापरलं असतं तर तेच खोटं झालं असतं. पण मग "मुळे"ची जागा आली आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी तिथे खेकडे बसवले. खेकड्यांमुळे धरणाला गळती लागली असं ते म्हणाले आणि त्यावरून निषेध म्हणून लोक पोलीस ठाण्यात खेकडे घेऊन गेले, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. सगळे हसले, मीही हसलो. पण तांत्रिक दृष्ट्या खेकडा अगदीच अशक्य नाही. मातीच्या बांधात प्राण्यांची बिळं झाली की त्यातून पाणी वाट काढतं, बारीक माती बरोबर नेतं, वाट रुंद होत जाते आणि बांध आतून पोकळ होतो, म्हणून तर बांधाची पाहणी करायची असते, बिळं बुजवायची असतात, झिरपणारं पाणी गढूळ येतंय का ते बघायचं असतं. खेकड्याने बीळ केलं असेलही, पण पाहणीच्या वहीवर सही करायची नोकरी खेकड्याची नव्हती.

म्हणजे करणारी माणसं "फुटलं" या शब्दात शोधायचीच नाहीत, ती त्याच्या मागच्या क्रियापदांत असतात. बांधलं कोणी, तपासलं कोणी, गळती कळल्यावर काय केलं आणि कोणी. तिवऱ्याला तर गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केलेल्या होत्या. अशा वेळी "तक्रारी करण्यात आल्या होत्या" असं छापून आलं की मला जास्तच राग येतो, कारण त्यात ज्यांनी आपलं काम केलं तेही पुसले जातात. चूक करणाराही नाही, वेळेवर ओरडणाराही नाही.

कोणी म्हणेल की शब्दांनी एवढा काय फरक पडतो, लोकांना कळतं सगळं. कळत नाही, किंवा कळूनही फरक पडतो. २०१० मध्ये केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत हे करून पाहिलं. हॉटेलात एका बाईंच्या हातून मेणबत्ती पडून आग लागते अशी गोष्ट, काहींना "तिने मेणबत्ती पाडली" अशा भाषेत दिली, काहींना "मेणबत्ती पडली" अशा, बाकी सगळं तेच. मग विचारलं, नुकसानभरपाई किती घ्यावी? "पाडली" वाचलेल्यांनी सांगितलेली रक्कम "पडली" वाचलेल्यांच्या रकमेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्तच फरकाने मोठी होती. आणि दुसऱ्या एका प्रसंगात तर लोकांना घडलेल्या गोष्टीचा व्हिडिओ दाखवला होता, डोळ्यांनी बघितलं तरी वाचलेल्या शब्दाचा परिणाम उरलाच. म्हणजे आजीचा प्रश्न तिकडे डॉलरमध्ये मोजून झालाय.

अर्थात सगळ्या बातम्यांत कर्ता कोंबा असं माझं म्हणणं नाही. "घरफोडी झाली" बरोबर आहे, चोर कोण ते माहीतच नाही. "संशयिताला ताब्यात घेण्यात आले" यात पोलीस लिहिले नाहीत तरी कोणाचा गैरसमज होत नाही. आणि चौकशीच्या आधी "अमक्या ठेकेदाराने साकव पाडला" लिहिलं तर दुसऱ्या दिवशी अब्रुनुकसानीची नोटीस येईल, ती येणार वार्ताहराच्या घरी, जो महिन्याला मिळतं त्यात पेट्रोलही भागत नाही म्हणतो. शिवाय गणपतीच्या शुभेच्छांची जाहिरात त्याला त्याच ठेकेदाराकडून आणायची असते, ते दुखणं वेगळंच.

आमच्या ओळखीतले एक वार्ताहर आहेत, त्यांना मी हे सगळं ऐकवलं तर ते म्हणाले, "भाऊ, आठ ओळी मिळतात, त्यात तुमचा कर्ता कुठे बसवू?" म्हटलं, "अहो, बसतो." दोष द्यायची गरजच नाही, जे कागदावर आहे तेवढं लिहायचं. साकव कोणाच्या ताब्यातला, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा की सार्वजनिक बांधकामचा? कामाच्या जागी फलक असतो, चिखलाने भरलेला असला तरी असतो बहुतेक, त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे किती काळ दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या अंगावर ते. प्रस्ताव पाठवला तर कोणी, कोणाला, कुठल्या महिन्यात?

मग तीच बातमी अशी होते: "वहाळावरील साकव वाहून गेला. बांधकाम विभागाने दोन वर्षांपूर्वी त्याची डागडुजी करून घेतली होती, फलकावरील दोष दायित्व कालावधी अजून संपलेला नाही. ग्रामपंचायतीने नवीन साकवाचा प्रस्ताव गेल्या डिसेंबरमध्ये तालुक्याला पाठवला, तालुक्याने तो अद्याप पुढे पाठवलेला नाही." पहिलं वाक्य तसंच ठेवलं, कारण ते खरं आहे. "मुसळधार" आणि "आवाहन" काढलं, त्यामुळे जागाही उरली. पाऊस पडला हे वाडीतल्या माणसाला पेपरातून कळायचं नसतं.

ते वाचून म्हणाले, "बघतो, डेस्कवाले ठेवतात का." नाही ठेवलं तर नाही. ठेवलं तर निदान वाडीतल्या माणसाला अर्ज घेऊन कुठल्या टेबलापाशी उभं राहायचं ते कळेल, तिथे साहेब मीटिंगला गेलेले असतात हा भाग वेगळा.