आमची वाटचाल: शेंगा चटणीची पाव किलोची पुडी आता 100 रुपयांना का

सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपल्यानंतर, म्हणजे 1 फेब्रुवारीपासून, आमच्या शेंगा चटणीच्या पाव किलोच्या पुडीचा दर 90 रुपयांवरून 100 रुपये होत आहे. अर्ध्या किलोची पुडी 175 ऐवजी 195 रुपयांना आणि एक किलोची 340 ऐवजी 380 रुपयांना मिळेल. दरवाढीच्या वेळी ‘कच्चा माल महागल्यामुळे’ एवढे लिहून तो कागद दुकानाच्या काचेवर चिकटवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या बाबतीत ते वाक्य फारसे खरे ठरणार नाही, म्हणून हिशेब जसा आहे तसा आपल्यापुढे ठेवत आहे.

हा व्यवसाय 2009 मध्ये साखर पेठेतील आमच्या घरी सासूबाईंच्या उखळावर सुरू झाला. शेजारच्या एक ताई कडक भाकरी करून विकत असत आणि भाकरी नेणारे गिऱ्हाईक सोबत चटणीही मागत असे, म्हणून सासूबाईंनी पुड्या बांधून द्यायला सुरुवात केली. मागणी वाढल्यावर उखळाची जागा विजेवर चालणाऱ्या कांडप यंत्राने घेतली आणि स्वयंपाकघरातले काम भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. यंत्र आले तरी त्यातले लोखंडी मुसळ उखळातल्यासारखेच वरून पडते, आणि चटणीच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच आहे. सध्याचा 90 रुपयांचा दर आम्ही 2023 मध्ये ठरवला होता.

आम्ही हिशेब घाण्यावर करतो. एका घाण्याला 10 किलो कच्चे शेंगदाणे लागतात. पण हे 10 किलो चटणीत 10 किलो म्हणून जात नाहीत. निवडताना सुरकुतलेले, काळपट आणि फुटके दाणे काढले जातात, त्यात दोनेकशे ग्रॅम जातात. भाजताना दाण्यातील ओलावा उडून अर्धा किलोच्या आसपास घट येते, लाल साल पाखडली की आणखी अडीचशे-तीनशे ग्रॅम कमी होतात, आणि भाजून झाल्यावर करपलेले दाणे पुन्हा वेचावे लागतात. शेवटी हातात पावणेनऊ ते नऊ किलो दाणे येतात. त्यात सव्वा किलो गड्ड्यांमधून सोलून निघालेला एक किलो लसूण, 700 ग्रॅम तिखट, मीठ आणि 100 ग्रॅम जिरे मिळवून कांडले, की थोडीफार घट जाऊन पाव किलोच्या 43 पुड्या भरतात.

या 43 पुड्यांना 2023 मध्ये सुमारे 1,605 रुपयांचा कच्चा माल लागत होता, आज तो 1,654 रुपयांचा लागतो. फरक 49 रुपयांचा, म्हणजे पुडीमागे जेमतेम सव्वा रुपयाचा. शेंगदाणे आम्हाला किलोमागे सहा रुपयांनी महाग पडतात आणि लसूण सरासरीने दुप्पट झाला आहे, हे खरे. पण 2023 मध्ये जिरे भलतेच चढलेले होते आणि ब्याडगी मिरचीही तेजीत होती, ती दोन्ही नंतर उतरली. एकीकडचे दुसरीकडे जिरून जाते. कच्च्या मालाचे भाव असे वरखाली होतच असतात आणि त्यांच्यासाठी पुडीचा दर हलवू नये, असे आमचे पहिल्यापासून मत आहे. 2024 च्या सुरुवातीला लसूण किरकोळ बाजारात 400 रुपये किलोच्या घरात गेला होता, तेव्हा घाऊक भावाने घेऊनही आमच्या पुडीमागे लसणाचा खर्च आठ रुपयांहून अधिक वाढला होता. पुडीवर तेव्हा आमच्याकडे उरत होते तेही साधारण आठच रुपये, त्यामुळे ते महिने ना नफा ना तोटा असे काढले, लसूण कमी केला नाही आणि दरही तोच ठेवला. उन्हाळ्याच्या तोंडावर नवा लसूण आला की भाव खाली येतो, हा अनुभव होता.

मजुरीचे तसे नाही. ती एकदा वाढली की खाली येत नाही आणि येऊही नये. एका घाण्याला निवडण्यापासून पुड्या बांधण्यापर्यंत दीड रोजाचे काम असते. 2023 मध्ये आम्ही 300 रुपये रोज देत होतो, आता 420 देतो. घाण्याची मजुरी त्यामुळे 450 वरून 630 रुपये झाली, म्हणजे पुडीमागे सव्वाचार रुपये वाढले. सोलापुरात विड्या वळणाऱ्या आणि गणवेश शिवणाऱ्या बायकांची संख्या किती मोठी आहे हे येथील वाचकांना सांगायला नको. शिवणकाम शिकलेल्या बाईला शिलाईच्या कारखान्यात बसून बरा पगार मिळत असेल, तर तिने आमच्याकडे लसूण सोलत का बसावे? गेल्या वर्षी आमच्या दोन मावशी तिकडे निघाल्या होत्या आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

लसूण सोलण्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण दर पाहणाऱ्याला हे काम दिसत नाही. लसूण पाण्यात भिजवला की भराभर सोलला जातो. पण तो ओलावा पाकळीत राहिला तर चटणीच्या गाठी होतात आणि ती लवकर उतरते. म्हणून आमच्याकडे पाकळ्या सुट्या करून, त्यांना तेलाचा हात लावून उन्हात ठेवतात आणि साल सुकून सैल झाली की हाताने सोलतात. एक किलो सोलायला एका बाईचा तासभर सहज जातो. रसाने बोटांची आग होते, काही जणींच्या बोटांची साल निघते, म्हणून एकाच बाईला रोज हे काम दिले जात नाही. दाणे निवडण्याचे कामही असेच, वरून क्षुल्लक दिसणारे. सुरकुतलेल्या, रंग बदललेल्या दाण्यांत बुरशीचे विष असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि ते भाजल्याने पूर्ण नाहीसे होत नाही. त्यामुळे हा तास वाचवण्याचा विचारही आम्ही करू शकत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगते. पिशवी आणि लेबल यांचा खर्च साडेचार रुपयांवरून सहावर गेला. खोल्यांचे भाडे, वीज, गॅस आणि पोचवण्याचा खर्च पुडीमागे आठ रुपयांचा दहा झाला. सगळे मिळून पाव किलोची जी पुडी आम्हाला सुमारे 60 रुपयांना पडत होती, ती आता 69 रुपयांना पडते. 90 रुपयांतून कर आणि दुकानदाराचे 20 टक्के गेल्यावर आमच्या हाती साडेअडुसष्ट रुपये येतात. म्हणजे आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीत आम्ही काही पैसे पदरचे घालत आहोत. दर 100 केल्यावर हाती 76 रुपये येतील आणि पुडीमागे सात रुपये उरतील, पूर्वीपेक्षा एक कमीच. 102 रुपये केले असते तर पूर्वीइतकेच उरले असते. पण दोन रुपयांच्या सुट्ट्यांसाठी दुकानदाराशी रोज वाद घालण्याची आमची इच्छा नाही.

दर न वाढवता भागवण्याच्या वाटा आम्हाला ठाऊक नाहीत असे नाही. माल पुरवणारे त्या आपणहून सुचवतात. पुडी 250 ऐवजी 220 ग्रॅमची करायची, ही पहिली. हे कायद्यात बसते, वजन छापलेलेच असते. पण आमचे बहुतेक गिऱ्हाईक पुडीला पाव किलो म्हणूनच ओळखते आणि वजन वाचत नाही, त्यामुळे ते आम्हाला पटले नाही. ओल्या लसणाऐवजी लसणाची भुकटी वापरायची, ही दुसरी. त्यात सोलण्याची मजुरी वाचते आणि टिकाऊपणाही वाढतो, मात्र कांडताना लसणाचा रस दाण्याच्या तेलात उतरून जो वास धरतो, तो भुकटीने येत नाही. तिसरी वाट सर्वांत स्वस्त आहे आणि खाणाऱ्याला चटकन कळत नाही: शेंगदाण्यात पंढरपुरी डाळवे मिसळायचे. शंभरात पंधरा-वीस भाग डाळवे गेले तरी तिखटामुळे रंग तोच राहतो.

ते ओळखायचे असेल तर चिमूटभर चटणी तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून चोळावी. निव्वळ शेंगदाण्याची कांडलेली चटणी तळहाताला तेलकट करते, मुठीत धरली की तिचा गोळा होतो आणि बोटाने टोचले की तो फुटतो. डाळवे असेल तर हाताला पीठ लागल्यासारखे वाटते आणि जिभेवर चटणी कोरडी होऊन टाळूला चिकटते. मिक्सरमध्ये केलेल्या चटणीचा प्रकार आणखी वेगळा असतो. पाते दाणा कापते आणि तापवते, त्यामुळे ती आधी रवाळ राहते आणि जरा जास्त फिरली की एकदम लगदा होते. मुसळ दाणा चेपते, म्हणून कण भरड राहूनही तेल सुटते. आम्ही लसूण, मीठ, जिरे आणि तिखट आधी कांडून घेतो आणि पूर्ण निवलेले दाणे नंतर थोडे थोडे टाकतो. दाणे गरम असतानाच टाकले तर तेल फार लवकर सुटून चटणी चिकट होते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. ज्या पुड्यांवर 90 रुपये छापले आहेत त्या 1 फेब्रुवारीनंतरही 90 रुपयांनाच विकल्या जातील. कोणत्याही दुकानात त्यावर नवा दर चिकटवलेला दिसल्यास आम्हाला कळवावे. लग्नकार्यासाठी 31 जानेवारीपर्यंत नोंदवलेल्या मागण्या, माल पुढे केव्हाही न्यायचा असला तरी, जुन्या दराने पुऱ्या केल्या जातील. मात्र आजच दहा-दहा पुड्या घेऊन ठेवू नयेत, अशी विनंती आहे. ओल्या लसणामुळे आमची चटणी बांधल्यापासून दोन महिन्यांपर्यंतच चांगली राहते आणि उन्हाळ्यात त्याहून आधी खवट होऊ शकते. जे घरी डबा घेऊन थेट आमच्याकडे येतात त्यांच्यासाठी सुटी चटणी 340 रुपये किलो या जुन्याच दराने चालू राहील, कारण तिथे पिशवी लागत नाही आणि दुकानदाराचा वाटाही नसतो. सुटी चटणी सोमवार सोडून रोज सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत मिळेल.