मोडलेला साखरपुडा आणि दोन चिऱ्यांची जागा

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला कोकणातल्या घरासमोर आम्ही चौदा जण एका रांगेत उभे होतो. त्यात ताईचा तेव्हाचा होणारा नवराही होता. पुढे साखरपुडा मोडला. मावशी म्हणाली, "अरे, त्याला काढ त्यातनं. आजी हसतेय असा तेवढा एकच फोटो आहे."

तो मामा आणि ताई यांच्या मधोमध. आधी सोपा मार्ग धरला. त्याच्यावर बाजूची भिंत क्लोन करून फासली. माणूस गेला, पण रांगेत पडक्या दातासारखी फट राहिली. बघणारा पहिलं हेच विचारणार, इथे कोण होतं? म्हणजे ताईपासून पुढचे सगळे मामाकडे सरकवायला हवेत.

मागची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा नसलेली. मी त्याची जागा मोजली, ४३० पिक्सेल. तेवढंच सरकवलं आणि भिंत फसली. एका चिऱ्याला दुसऱ्याचा तुकडा चिकटून मध्येच भलताच लांब दगड तयार झाला. मग लक्षात आलं की माणसाची रुंदी इथे कामाचीच नाही, मोजायचा तो चिरा. थरांमध्ये सांधे एकाआड एक येतात, त्यामुळे पूर्ण चिऱ्याच्या पटीत सरकवलं तरच सगळ्या थरांचे सांधे जुळतात. हाताने तासलेला दगड थोडा कमीजास्त असतोच, म्हणून सलग दहा चिरे मोजून दहाने भागलं: २३६ पिक्सेल. दोन चिरे म्हणजे ४७२. फोटो अगदी समोरून काढलेला होता हे नशीब. तिरका असता तर चिरे एका बाजूला लहान होत गेले असते आणि हे गणित चाललं नसतं.

GIMP मध्ये फोटोच्या लेयरची प्रत काढून खाली ठेवली आणि ती ४७२ पिक्सेल डावीकडे सरकवली. जुळतंय का ते पाहायला वरच्या लेयरचा मोड थोडा वेळ `Difference` केला. जिथे दोन्ही चित्रं सारखी, तिथे काळं दिसतं. उभे सांधे बहुतेक काळे झाले, पण आडवे थर उजळ रेषांसारखे चमकत राहिले. कॅमेरा जेमतेम अर्धा अंश कलला होता. नुसत्या डोळ्यांना ते कळलंही नव्हतं, पण ४७२ पिक्सेलच्या अंतरात थर चार पिक्सेल खाली उतरत होता. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. `Measure` टूलने एका लांब थरावर रेघ ओढली, `Straighten` दाबलं, मग पुन्हा प्रत काढून सरकवली. आता थर बसले.

वरच्या लेयरला पांढरा मास्क लावला आणि मामाच्या उजवीकडचं सगळं काळ्या ब्रशने झाकत गेलो. खालून ताई आणि पुढची मंडळी वर आली. भिंतीवर जोड सरळ रेषेत न नेता चिऱ्यांच्या सांध्यांतून नागमोडी नेला. दगडाच्या तोंडावरून गेलेला जोड रंगातल्या फरकामुळे चट्कन दिसतो, सांध्यात मात्र आधीच काळी रेघ असते.

४३० ऐवजी ४७२ सरकवल्यामुळे मामाचा खांदा ताईच्या खांद्यावर ४२ पिक्सेल चढला. ते माझ्या पथ्यावरच पडलं. त्या गृहस्थाने ताईच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मामाचा लेयर वर असल्याने बोटं जवळजवळ झाकली गेली. फक्त टोकं उरली, जेमतेम १८ पिक्सेल. ती पदराचाच तुकडा क्लोन करून बुजवली. तिथे हील टूल वापरून बघितलं होतं, पण मामाचा पांढरा सदरा शेजारीच असल्याने त्याचा रंग पदरात ओढला जाऊन दुधाळ डाग पडला.

सावली मात्र मी विसरलो होतो. ऊन डावीकडून होतं, त्यामुळे त्याची सावली ताईच्या साडीवर आणि मागच्या भिंतीवर पडलेली. साडीवरची मी तशीच ठेवली, कारण आता ती मामाची वाटते. भिंतीवरची पंचाईत होती. तो मामापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे मामाच्या उंचीला न शोभणारं एक डोकं भिंतीवर उरलं होतं. त्या थरातले दोन उन्हातले चिरे उचलून त्यावर बसवले.

वरच्या पागोळीचे वासे काही जुळले नाहीत. त्यांचं अंतर चिऱ्यांच्या हिशोबात कशाला असेल? दोन वासे अगदी जवळजवळ आले. पण फोटो अरुंद झाला होता आणि १२ × १८ इंचाच्या चौकटीसाठी वरून तीनशेएक पिक्सेल कापायचेच होते, त्यात वासेही गेले.

छापून आणल्यावर आजीने चष्मा लावून फोटो नीट न्याहाळला आणि म्हणाली, "हा मेला तिला इतका खेटून कशाला उभा राहिलाय?"