‘घातलेला’चा चकवा: चौथ्या खर्ड्यापर्यंतची नोंद

रानात चकवा लागतो तसा वाक्यातही लागतो. वाचक चुकीच्या वाटेने जाऊन मध्येच अडकतो. भाषेचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या टॉमस बीवर यांचं १९७० सालचं ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. ‘रेस्ड’ हे मुख्य क्रियापद समजून वाचक पुढे जातो आणि ‘फेल’पाशी अडकतो, कारण तिथे ‘रेस्ड’चा अर्थ ‘पळवलेला’ असा घ्यायचा असतो: कोठारापुढून पळवलेला घोडा पडला. इंग्रजीत ही दोन्ही रूपं एकसारखी दिसतात, म्हणून हे जमतं. मराठीत ‘पळवला’ आणि ‘पळवलेला’ वेगळे दिसतात. त्यामुळे असाच चकवा मराठी वाचकांवर मोजून पाहायच्या प्रयोगासाठी तो साचा उचलून भागत नाही, दोन अर्थी रूप मराठीतच शोधावं लागतं.

ते रूप ‘-लेला’ मध्ये सापडतं. ‘मीनाने चष्मा घातलेला’ एवढं ऐकल्यावर बोलीत वाक्य पुरं होतं. ‘होता’ गाळला तरी चालतो. पण लगेच ‘मुलगा’ आला, तर ‘घातलेला’ हे त्या मुलाचं विशेषण ठरतं. चष्मा मुलाकडे जातो आणि मीना पुढच्या क्रियापदाची वाट बघत उभी राहते.

पहिला खर्डा होता ‘मीनाने टोपी घातलेली मुलगी ओळखली’. यात दोन दोष निघाले. ओळखीच्या माणसाबद्दल बोलताना कर्माला ‘ला’ लागतो, म्हणून ‘मुलगी ओळखली’ कानाला खटकतं. ‘ला’ लावला की ‘टोपी घातलेल्या मुलीला’ होतं, आणि त्या ‘ल्या’वरूनच पुढे नाम येणार हे कळतं, म्हणजे चकवा तिथेच संपतो. दुसरा दोष अर्थाचा. ‘टोपी घालणे’ म्हणजे फसवणेही, त्यामुळे काहींना मीनाने फसवलेली मुलगी दिसते.

दुसऱ्या खर्ड्यात टोपीच्या जागी चप्पल आली आणि क्रियापद झालं ‘पाटीवर काढली’. चित्र काढताना कर्माला ‘ला’ नको, त्यामुळे पहिला दोष गेला. पण चप्पल आणि चष्मा आपण पायातून, डोळ्यांवरून काढतोही, त्यामुळे शेवटच्या शब्दापाशी नवाच फाटा फुटला. तिसऱ्यात ‘रंगवली’ घेतलं आणि वाक्य स्थिरावलं. चौथ्या खर्ड्यात फक्त जोड्या जुळवल्या:

मीनाने चष्मा घातलेला मुलगा भिंतीवर गेरूने रंगवला.
मीनाने चष्मा घातलेली मुलगी भिंतीवर गेरूने रंगवली.
मीनाने चप्पल घातलेली मुलगी भिंतीवर गेरूने रंगवली.
मीनाने चप्पल घातलेला मुलगा भिंतीवर गेरूने रंगवला.

या चौकडीत खरी गंमत लिंगाची आहे. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात ‘घातलेला’ किंवा ‘घातलेली’ आधीच्या वस्तूशी जुळतं, म्हणून मीनानेच ती घातली असं वाटत राहतं आणि धक्का ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’पाशी बसतो. दुसऱ्या आणि चौथ्यात ते जुळत नाही. ‘चष्मा घातलेली’ ऐकताक्षणी कळतं की हे रूप चष्म्याचं नाही, पुढे कुणी स्त्रीलिंगी यायचं आहे. म्हणजे लिंग न जुळण्याने चकवा नाहीसा होत नाही, तो एक शब्द अलीकडे सरकतो. ऐकणारा वाक्य संपायची वाट बघत नाही, प्रत्येक प्रत्ययावर निर्णय घेत जातो, हे या एका शब्दाच्या अंतरातून दिसायला हवं. वस्तूंची लिंगं दोन्हीकडे फिरवली आहेत, त्यामुळे फरक ‘मुलगी’ या शब्दामुळेच पडला असं कुणाला म्हणता येणार नाही.

कुठल्या शब्दावर किती वेळ लागला हे मोजायला स्पेसबार दाबत एकेक शब्द उघडायची पद्धत पुरते. अशा २४ चौकड्या लागतील. मात्र त्या सगळ्या कपड्यालत्त्यांच्या नकोत, नाहीतर साचा ओळखू येतो. एका चौकडीतलं एकच वाक्य एका वाचकाला द्यायचं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक प्रकारची सहा वाक्यं मिळतात. त्यांच्यात निदान दुप्पट साधी वाक्यं मिसळायची. अडखळणं बऱ्याचदा पुढच्या शब्दावर सांडतं, म्हणून ‘भिंतीवर’चा वेळही मोजायचा. ‘भिंतीवर गेरूने’ हे दोन शब्द त्यासाठीच घातले आहेत, कारण वाक्याच्या शेवटच्या शब्दावर सगळेच रेंगाळतात आणि तिथला वेळ विश्वासाचा नसतो.

वाक्यानंतर ‘चष्मा कुणी घातला होता?’ हा प्रश्न हवाच. किएल क्रिस्टियनसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इंग्रजीत दाखवलं की वाक्य पुन्हा लावून झाल्यावरही पहिला चुकीचा अर्थ मनात टिकून राहतो. ‘मीनाने’ हे उत्तर पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यावर जास्त आलं, तर मराठीतही तेच घडतंय असं धरता येईल. एक खाचखळगा इथे उरतो: ‘मीनाने चष्मा घातलेला मुलगा’ म्हणजे मीनाने ज्याला चष्मा घातला तो मुलगा, असाही अर्थ निघतो. म्हणून ‘चष्मा कुणाच्या डोळ्यांवर आहे?’ असं विचारणं जास्त सुरक्षित. मीनाने मुलाला चष्मा घातला असं वाचणाराही उत्तर ‘मुलाच्या’ असंच देईल, आणि ‘मीनाच्या’ हे उत्तर फक्त चकव्यात अडकलेल्याचं असेल.

ऐकवायची आवृत्ती अजून बाकी आहे. वाचणाऱ्याने ‘मीनाने’ नंतर जराशी उसंत घेतली तरी चकवा फुटतो, कारण त्या उसंतीतूनच कळतं की मीना पुढच्या कुठल्या तरी क्रियापदाची आहे. त्यासाठी ‘मीनाने चष्मा घातलेला’ हा तुकडा ‘होता’ने संपणाऱ्या साध्या वाक्यातून कापायचा आणि ‘मुलगा’पासूनचा भाग त्याला जोडायचा, असं ठरलं आहे.