बत्तीसशे रुपयांची बाकी

मार्चअखेरीला बँक स्टेटमेंट आणि बिलं जुळवणारा आमचा प्रोग्रॅम चालवला. एका कारखान्याच्या खात्यावर ३,२०० रुपये बाकी दिसले. विक्री विभागाने ती यादी पडताळण्याआधीच त्यांना स्मरणपत्र धाडलं. हे मला अजिबात पटलेलं नाही.

कंत्राटी कामाची तीन बिलं होती. मूळ रक्कम ५०,०००, ८०,००० आणि ३०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९,०००, ९४,४०० आणि ३५,४००, म्हणजे एकूण १,८८,८००. बँकेत मात्र एकच एनईएफटी आला होता, १,८५,६०० चा. नॅरेशनमध्ये व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि अर्धवट कापलेलं कंपनीचं नाव, बिल नंबर कुठेच नाही. लाखाची रक्कम पाठवताना सोबत बिलांची यादी एका ओळीत मेल करायला काय जातं, हे मला आजवर कळलेलं नाही.

अशी ठोक रक्कम आली की प्रोग्रॅम जुनं बिल आधी वळतं करायचा. पहिली दोन पूर्ण फिटली, तिसऱ्याला ३२,२०० उरले आणि ते अर्धवट भरलेलं ठरलं. पण ३,२०० म्हणजे १,६०,००० चे बरोबर २ टक्के. ग्राहक पैसे देतानाच आपल्या नावावर कर कापून सरकारकडे भरतो, तो टीडीएस; बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असला की तो फक्त मूळ रकमेवर कापतात. तो कापून तिन्ही बिलं पूर्ण भरलेली होती. तूट बिलाच्या एकूण रकमेशी ताडून पाहिली तर १.६९ टक्के येते आणि काहीच उलगडत नाही. म्हणून प्रत्येक बिलाची मूळ रक्कम वेगळ्या रकान्यात हवीच.

आता प्रोग्रॅम प्रत्येक बिलाची टीडीएस वजा जाता रक्कमही काढतो आणि त्यांच्या बेरजा तपासतो. इथे हात आवरावा लागतो. वीस बिलं उघडी असली तर त्यांचे दहा लाखांहून जास्त वेगवेगळे गट होतात. त्यात दहा-वीस रुपयांचा फरक चालवून घेतला, तर भलतीच बिलं योगायोगाने जुळतात. म्हणून एकाच ग्राहकाची, जास्तीत जास्त चार बिलं, आणि फरक फक्त पैसे-रुपयांच्या राउंडिंगपुरता. दोन गट बसले तर प्रोग्रॅमने निवड करायची नाही, दोन्ही माणसापुढे ठेवायचे.

ते ३,२०० मी ग्राहकाच्या नावावरून काढून येणे टीडीएसमध्ये टाकले. निर्लेखित केले नाहीत, कारण तो आपलाच भरलेला कर आहे. ग्राहकाने शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे आपल्या नावावर जमा झालेला टीडीएस दाखवणारा फॉर्म २६एएस जूनमध्ये उघडला. १,००० आणि १,६०० आले होते. तिसऱ्या बिलाचे ६०० नव्हते.

म्हणजे बाकी होतीच, आणि तीही त्याच बिलावर. बँकेच्या स्टेटमेंटमधून ती कधीच दिसली नसती. ग्राहकाला दुरुस्ती विवरणपत्र भरायला सांगितलंय. तोवर हे ६०० कोणत्या रकान्यात दाखवायचे, हे मी अजून ठरवतोय.