साध्या अक्षरांतलं ‘बरं’

मंगळवार, रात्री

कथा संपली असं धरून चाललो होतो. सकाळी माईने वाचली, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, “मित्राने उत्तर साध्या अक्षरांत का दिलं?” तेव्हापासून दुसरं काही सुचलेलं नाही. लिपीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. माई असं विचारते तेव्हा प्रश्न नुसता कथेचा असतोच असं नाही, पण ते असो.

मुलगा एवढी खटपट करतो, मित्रासाठी नवी अक्षरं घडवतो, चिठ्ठी दप्तरात सरकवतो, आणि मित्र त्याच कागदाच्या पाठीवर आपल्या रोजच्या बाळबोधीत लिहितो: “बरं.” लिहिताना हे मला गंमतीचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्याला जमलं नसेल, हे पहिलं उत्तर. ज्यांच्यात काही सूत्र नाही अशी चौतीस चिन्हं पाठ करायची असती तर मी ते मानलं असतं. तसली लिपी समोर तक्ता ठेवून वाचता येते, कारण चिन्ह दिसतं आणि ते फक्त शोधायचं असतं. लिहिताना मात्र कोऱ्या कागदावर प्रत्येक चिन्ह आठवून काढावं लागतं. म्हणून असल्या लिप्यांत वाचणारे बरेच निघतात, लिहिणारा एकटा उरतो.

पण या मुलाने तसं केलेलं नाही. त्याने वर्णमालेचा साचा जसाच्या तसा उचलला. प्रत्येक वर्गाला एक आकार: कवर्ग त्रिकोण, चवर्ग बदाम, टवर्ग गोल, तवर्ग चौकोन, पवर्ग अर्धगोल. वर्गातलं कितवं अक्षर ते एका छोट्या रेघेवरून कळतं. पहिल्याला रेघ नाही, दुसऱ्याला डोक्यावर, तिसऱ्याला उजवीकडे, चौथ्याला खाली, पाचव्याला डावीकडे. म्हणजे नुसता चौकोन हा त, उजवीकडे रेघ असलेला द, डावीकडे असलेला न. य र ल व यांना उलटा त्रिकोण, श ष स ह यांना मधोमध चिरलेला गोल. एकूण सात आकार आणि रेघेच्या पाच जागा. तक्ता जवळ बाळगायलाच नको, आणि ते फार मोलाचं, कारण मुलांच्या गुप्त लिप्या बहुतेक वेळा खिशात सापडलेल्या तक्त्यामुळे फुटतात.

आपल्या बाळबोधीत हे नाही. क आणि ख शेजारी असून एकमेकांसारखे दिसत नाहीत. कोरियाच्या राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेल्या लिपीत मात्र क च्या चिन्हात एक रेघ वाढवली की ख होतो. माझ्या कथेतल्या मुलाला सेजोंग कुठून ठाऊक असणार, पण वर्णमाला रांगेत म्हणणाऱ्याला एवढं सुचायला हरकत नाही.

इतकं सोपं करून दिलं. तरी “बरं.” साध्या अक्षरांत.

ताईने चिठ्ठी फोडली तो भाग मी कथेत दोन ओळींत उरकला होता. आज तो नीट मांडला, निदान तेवढ्यात तरी डोकं गुंतून राहील म्हणून. चिठ्ठीत मजकूर असा: मामा आलेत. आता नको. उद्या ये. पहिल्या लिपीत त्याने व्यंजनं लपवली, पण काना, मात्रा, उकार आणि सुटे स्वर जसेच्या तसे ठेवले. शब्दांमधली जागाही तशीच. ताईला पहिल्याच शब्दात एक चिन्ह दोनदा दिसलं, दोन्ही वेळा कान्यासकट. असे शब्द घरात किती? मामा, काका, दादा, बाबा, नाना. बाहेरच्या खोलीत मामा बसलेले. झालं, डावीकडे रेघ असलेला अर्धगोल म्हणजे म. मग दोन अक्षरांचा एक शब्द, शेवटी ओकार, आणि त्यातल्या पहिल्या चिन्हालाही रेघ डावीकडेच, फक्त आकार चौकोन. म हा पवर्गातला पाचवा, म्हणजे हाही कुठल्या तरी वर्गातला पाचवाच असणार. शब्दाच्या सुरुवातीला ङ, ञ, ण येत नाहीत. उरला न. “नको.” चौकोन म्हणजे तवर्ग हे कळल्यावर नुसता चौकोन त आणि उजव्या रेघेचा द आपोआप मिळाले, आणि त्यांच्यामागून आलेत, आता, उद्या ओळीने उलगडले. साच्याचा हा तोटा. मित्राला पाठ करायला जेवढं सोपं, ताईला फोडायलाही तेवढंच; एक अक्षर सापडलं की सगळी पंगत उठते.

कथेत यानंतर मुलगा दुसरी लिपी करतो. इथे मी फार रमलो, हे खरं. सुरुवातीला तो रेघेऐवजी टिंब देत होता, ते मी खोडलं. डोक्यावर टिंब असलेला त्रिकोण ख वाचायचा की कं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. अनुस्वाराला टिंब राहू दे, अक्षराला रेघच हवी, आणि ती आकाराला चिकटलेली. गोलाला कडा नसल्यामुळे घाईत उजवीकडची रेघ खाली घसरते आणि ड चा ढ होतो. म्हणून गोल टवर्गाला दिला. रोजच्या मजकुरात तवर्ग जास्त लागतो, त्याला चौकोनासारखा चार स्पष्ट बाजूंचा आकार हवा. रेघ द्यायची राहून गेली तर गाडीची काडी होते, पण चूक वर्गाबाहेर जात नाही. वाचणाऱ्याने मोठ्याने म्हणून पाहिलं की कानालाच खटकतं. सूत्र नसलेल्या लिपीत ही सोय मिळत नाही.

स्वरांसाठी त्याने मोडीचा मार्ग धरला. ऱ्हस्व-दीर्घ एकच. ऐ आणि औ हे अइ, अउ असे फोडून लिहायचे. म्हणजे अ, आ, इ, उ, ए, ओ एवढ्या सहा स्वरांना सहा खुणा, शब्दाच्या सुरुवातीला त्याच आणि व्यंजनामागेही त्याच. शब्द मोडीसारखे सलग. आणि तिथेच घात झाला. “आतानकोउद्याये” हे मित्राने “आता, नको उद्या, ये” असं लावलं आणि तो मामांसमोर दारात उभा. तेव्हा शब्द तोडायला काहीतरी हवंच. जागा सोडली तर ताईला दिसणार. ङ आणि ञ सुटे असे मराठीत जवळजवळ कधी लागत नाहीत, मग डावीकडे रेघ असलेला त्रिकोण आणि बदाम हेच आलटून पालटून शब्दांच्या मधे घालायचे. पाहणाऱ्याला ती अक्षरंच वाटतात.

तरी एक भोक राहतं. तीच चिठ्ठी दुसऱ्या लिपीत लिहून मोजली. तोडण्याची चिन्हं आणि द चा पाय मोडणारी खूण सोडली तर वीस चिन्हं होतात, त्यात आ सहा वेळा. बाकी कुठलंही चिन्ह दोनापेक्षा जास्त नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने लिहून ठेवलं ते हेच: चिन्हं मोजा, भाषेत जे जास्त येतं ते गुप्त मजकुरातही जास्त येणार. मराठीत काना कुठे लपणार? उपायही जुनाच आहे. इटलीतल्या मांटुआच्या १४०१ सालच्या एका किल्लीत स्वरांना एकाहून जास्त चिन्हं दिलेली आहेत. मुलाने आ ला तीन खुणा द्यायच्या आणि पाळीपाळीने वापरायच्या. सहाचे दोन-दोन-दोन झाले आणि आ गर्दीत मिसळला. शिवाय मामा या शब्दातलं जोडीचं रूपही मोडलं, कारण दोन म मागच्या खुणा आता वेगळ्या. एवढ्याशा चिठ्ठीला हे पुरतं. वहीभर मजकूर एकाच किल्लीने लिहिला तर नेहमीचे शब्द पुन्हा पुन्हा येऊन बाकीचं चव्हाट्यावर आणतातच, पण मुलं वहीभर लिहीत नाहीत.

हे सगळं करून पाहिलं आणि पुन्हा तिथेच. मोजदाद चुकवणारी लिपी, आणि समोरून “बरं.”

कुणासाठी आपण काही इतकं बारकाईने करावं आणि त्याने ते न वापरता नुसती पोच द्यावी. मुलाच्या जागी मी असतो तर चिठ्ठ्या बंद केल्या असत्या. केल्याही असतील कधी, पण ते इथे नको.

मग जेवताना हसू आलं. सगळ्या कथेत फुटणं अशक्य असा निरोप कुठला असेल तर तो त्या मित्राचा. “बरं.” उघड्या अक्षरांत, कुणीही वाचा. काय बरं, कधी, कुठे, काही पत्ता नाही. मोजायला जेमतेम दोन अक्षरं. मुलगा तीन खुणांची कसरत करतोय आणि मित्र एका शब्दात सुटतो. कारटं हुशार आहे, मीच त्याला मंद समजत होतो.

तरीही त्याने एकदा त्या लिपीत लिहायला हवं, आणि कुठे ते आता दिसतंय. मुलाच्या साच्यात ळ नाही. य र ल व आणि श ष स ह, दोन्ही ओळींत चारच अक्षरं, पाचवं घर रिकामं. मामांसमोर फजिती झाल्यावर मित्राला कळवायचंय, “संध्याकाळी येतो.” ळ अडतो. विचारायला कुणी नाही. तो उलटा त्रिकोण काढतो आणि रेघ डावीकडे देतो, ल च्याच ओळीतलं पाचवं घर. तक्ता बघून लिहिणाऱ्याला हे सुचणार नाही, कारण तक्त्यात ते नाहीच. ज्याला साचा कळलाय तोच हे करील.

आणि मुलगा काय करील? आधी चिडेल. डावी रेघ म्हणजे अनुनासिक, असं त्याच्या डोक्यात बसलंय. चिठ्ठी वाचून तो मित्राला सांगेल की वर्णमाला म्हणताना ळ ह नंतर येतो, तेव्हा त्याची जागा चिरलेल्या गोलाच्या ओळीत. मित्र म्हणेल, ळ तोंडात ल च्या जवळ आहे, ओळ ल चीच. दोघांचंही बरोबर. हे भांडण अर्धं पान तरी घेईल, आणि ते उद्या लिहायचंय.